गेटवरचा हुद्दा

नवीन घराला नाव द्यायचं मी ठरवलं आणि तिथेच फसलो. तलासरीच्या ऑफिसात दिवसभर फायलींना विषय देणारा माणूस मी, घराला नाव देणं म्हणजे काय मोठंसं! चहा संपायच्या आत सुचलंही : ‘सागरस्वप्नपूर्ती’.

सात अक्षरं सात कागदांवर प्रिंट केली (कागद घरून नेले होते, प्रिंटरचं विचारू नका) आणि गेटच्या दोन झडपांवर चिकटवली. ‘सागरस्वप्न’ डावीकडे, ‘पूर्ती’ उजवीकडे. स्कूटरसाठी डावी झडप दिवसभर उघडीच. कुरिअरवाला रस्त्यावरून ओरडला, "पूर्ती मॅडम आहेत का?"

"कोण ही पूर्ती?" बायकोने, म्हणजे सुनिताने, अशा आवाजात विचारलं की मी आधी निर्दोष असल्याचं सांगितलं आणि मग गेट दाखवलं.

आई मात्र वेगळ्याच कारणाने चिडली. चाळीस वर्षं मासळी विकून तिने या घराच्या भिंती उभ्या केल्यात. "बाजारात बायकांना पत्ता काय सांगू रे? हे नाव घेता घेता पाटीतला बोंबील सुकंल माझा. मला नाही जमायचं, मी आपली जुन्या घरातच बरी."

रविवारी वास्तुशांत, आणि आई येणार नाही! मी होड्या रंगवणाऱ्या चंदरला गपचूप बोलावलं.

चंदर रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला, डोळे बारीक करून पाहिलं.

"भाऊ, समोरची होडी जवळ यायच्या आत नाव वाचून झालं पायजे. दोन-तीन अक्षरं, वीतभर उंच. निळ्यावर पिवळा रंग. जोडाक्षरं नको, बारीक वेलबुट्टी नको, खाऱ्या वाऱ्यात तीच आधी जाते. आणि होडीच्या दोन्ही बाजूंना पूर्ण नाव लिहितो आपण, तसं दोन्ही झडपांवर पूर्ण. एक उघडी असली तरी दुसरी वाचता येते."

"पण नाव कुठलं?"

"लोक घर कुणाचं म्हणतात?"

"हिरीचं," सुनिता म्हणाली. हिरी म्हणजे आमची आई. मला हे सुचायला हवं होतं, याची खरंच लाज वाटली.

शनिवारी संध्याकाळी आईला रस्त्यापलीकडे उभं केलं. दोन्ही झडपांवर पिवळंधमक ‘हिरी’, ‘हिरी’. दोन इयत्ता शिकलेली आई एका दमात वाचून गेली. मग डोळ्यांना पदर लावत म्हणाली, "उद्या सकाळी लवकर न्यायला ये."

मलाही भरून आलं. पण खाली थोडी जागा रिकामी होती, तिथे माझं नाव हुद्द्यासकट टाकायला मी चंदरला सांगून ठेवलं होतं. जवळ जाऊन पाहिलं. नाव होतं, हुद्दाही होता.

"हुद्दा कुणी सांगितला?" मी विचारलं.

"वहिनींनी," चंदर ब्रश पुसत म्हणाला.

‘हिरी’च्या खाली, छोट्या पण अगदी स्पष्ट अक्षरांत लिहिलं होतं : ‘खलाशी – प्रविण’.

आणि तेही दोन्ही झडपांवर.