झापून ठेवलेला माल

सातिवलीच्या एका औद्योगिक गाळ्यात दागिन्यांच्या काळ्या मखमली डब्या तयार होतात. या कारखान्यात फुलपाड्याचा सिद्धेश पाठवणी सहायक म्हणून तीन महिन्यांसाठी उपपरिक्षेपी तत्त्वावर रुजू झाला. काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर रामराम. आधीच्या दोन कंपन्या त्याच्या डोळ्यांदेखत बंद पडल्या होत्या आणि त्याच्या लग्नाची बोलणी 'कायम' या एकाच शब्दाला अडून बसली होती. "आधी कायम, मग कार्य," असं मुलीचे वडील म्हणत. तेव्हा पहिल्या दिवशी घरातून निघतानाच सिद्धेशने ठरवून टाकलं होतं, की आपल्याला सगळं येतं.

शेजारच्या गाळ्यात त्याच आठवड्यात संगमरवर कापायला सुरुवात झाली होती. मालक मार्सेल सर नव्या माणसाला काम समजावू लागले आणि नेमकी तिकडे करवत सुरू झाली.

"डब्या मोजायच्या," सर ओरडून म्हणाले, "रांगेत लावायच्या, आणि रोज घरी जाताना सगळा माल झापून ठेवायचा! विसरायचं नाही. कळलं?"

"हो सर," सिद्धेश म्हणाला.

त्या क्षणी प्रश्न फुकट होता. "सर, आवाजात नीट ऐकू नाही आलं, परत सांगता?" एवढं म्हटलं असतं तर त्या गोंगाटात कुणी त्याला बावळट म्हटलं नसतं. पण न विचारलेला प्रश्न वाटलेल्या इडलीच्या पिठासारखा असतो, झाकून ठेवला तरी फुगतोच. चहाच्या वेळेपर्यंत त्यात 'सकाळी का नाही विचारलंस?' हा प्रश्न मिसळला. दुसऱ्या दिवशी 'मग काल केलंस काय?' हाही येऊन बसला.

सिद्धेशने आडवळणाने चाचपून पाहिलं. पाठवणी विभागाचे प्रमुख श्रीरंगदादा तिथे बारा वर्षं मुरलेले.

"दादा, आपल्याकडे माल साधारण कोणत्या पद्धतीने झापतात?"

श्रीरंगदादांनी हा प्रकार जन्मात ऐकला नव्हता. पण काल आलेल्या पोरासमोर तसं म्हणायचं, तर बारा वर्षांची अब्रू धुळीला.

"पद्धत नेहमीचीच," ते म्हणाले.

"म्हणजे जोरात?"

"ते मालावर अवलंबून."

त्या संध्याकाळी सिद्धेश इकडेतिकडे बघत डब्यांच्या रांगेसमोर उभा राहिला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "लाज नाही वाटत? झाकणं बघा स्वतःची! उघडता येत नाहीत धड!" श्रीरंगदादा खांबाआडून टिपत होते. असं असतं होय, ते मनाशी म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पुढे होऊन, हुद्द्याला शोभेल अशा आवाजात, अंगठीच्या डब्यांची खरडपट्टी काढली.

मग लोण पसरलं. मोठ्या माणसांना करताना पाहिलं की खालच्यांनी विचारायचं नसतं, हा आपल्याकडचा शिरस्ता. आठवड्याभरात सगळा कारखाना सुट्टीपूर्वी मालावर तोंडसुख घेऊ लागला. हाराच्या डब्या मोठ्या, म्हणून त्यांना आई-बापांवरून बोलायचं. नथीच्या डब्या लहान, त्यांना फक्त डोळे वटारायचे.

आणि वसईच्या सराफाकडून पहिला माल परत आला. काळ्या डब्या पिठाच्या गिरणीत राहून आल्यासारख्या पांढऱ्याफटक झाल्या होत्या. मार्सेल सर तापले. करवत चालूच होती.

"माल नीट झापला नव्हता का?" असं त्यांनी विचारल्याचं सगळ्यांना ऐकू आलं.

"झापला होता सर!" सगळे एका सुरात म्हणाले. सगळे म्हणजे अगदी शिपाईसुद्धा.

निष्कर्ष उघड होता: झापणं कमी पडतंय. श्रीरंगदादांनी सरांपुढे 'झापणी विभागा'चा प्रस्ताव ठेवला. सरांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि मंजूर केला. अंधेरीहून एरॉल नावाचे सल्लागार आले. त्यांनी पडद्यावर बाण आणि वर्तुळं दाखवून सांगितलं, की परदेशात वस्तूंना पूर्वीपासूनच झापतात, आपण मागे आहोत. "मात्र झापणी विधायक हवी," ते म्हणाले. "डबीला नव्हे, डबीच्या वर्तनाला झापा." सगळ्यांनी माना डोलावल्या.

झापणी विभागाचा प्रमुख म्हणून सिद्धेशला नेमलं. घसा बसल्यामुळे तो सर्वात अनुभवी वाटत होता.

लगीनसराईची मोठी ऑर्डर आली. सरांनी त्याला बोलावून सांगितलं, "हा माल परत आला ना सिद्धेश, तर तुझी नोकरी जाईल आणि माझा कारखाना." सिद्धेशला पहिला दिवस आठवला. कुणाच्या तरी पोटावर पाय येणार, आणि ते त्याच्या एका 'हो सर'मुळे.

त्याच दिवशी हिशेब पाहणारी फेलिशिया बाळंतपणाच्या रजेवरून परत आली. मांडणीवर ओळीने ठेवलेल्या डब्यांवर माणसं ओरडत होती. ती सिद्धेशपाशी थांबली.

"हे काय चाललंय? मला नाही कळलं."

इतक्या दिवसांत हे वाक्य त्या गाळ्यात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. सिद्धेश सवयीने म्हणाला, "पद्धत नेहमीचीच."

"ती पण मला माहीत नाही. सांग ना."

सिद्धेशने तोंड उघडलं, आणि बाहेर खरं आलं. "ताई, मलापण माहीत नाही."

फेलिशिया हसली नाही. "मग सरांना विचार. मी नवीन होते तेव्हा रोज विचारायचे, फक्त तेच परत विचारायला लागू नये म्हणून लिहून घ्यायचे."

"आता? सगळं झाल्यावर? काय म्हणतील?"

"उशीर झालाय हे तूच आधी सांग, म्हणजे त्यांना बोलायला काही उरणार नाही. आणि 'काहीच कळत नाही' असं म्हणू नको, त्यातून त्यांनापण काही कळणार नाही. काय कळलंय ते सांग. कुठे अडलंय तेवढंच विचार. कशासाठी विचारतोयस तेपण सांग. आणि ती करवत बंद असताना जा रे बाबा!"

जेवणाच्या सुट्टीत करवत थांबली. सिद्धेश सरांच्या टेबलापाशी उभा राहिला.

"सर, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, चुकलं माझं. डब्या मोजायच्या, रांगेत लावायच्या, ते कळलं. पण माल झापून ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? मोठी ऑर्डर आज जायचीय, चूक नको म्हणून विचारतोय."

मार्सेल सरांच्या हातातला पाव हातातच राहिला.

"झापून?" ते म्हणाले. "अरे झा-कून! झाकून! ताडपत्रीने! शेजारची धूळ बसते म्हणून!"



"पण सर," सिद्धेशच्या तोंडून निसटलं, "तुम्ही विभाग मंजूर केलात."

सरांनी पाव खाली ठेवला. "मला वाटलं काहीतरी नवीन निघालं असेल," ते हळूच म्हणाले. "मालकाने विचारायचं म्हणजे कसं दिसतं ते?"

मग ते हसत सुटले, इतके की डोळ्यांतून पाणी आलं. सिद्धेशही हसला, पण त्याला खरं म्हणजे रडायचं होतं.

माल पुसला, झाकला, गेला आणि परत आला नाही. सिद्धेश कायम झाला. मुलीच्या वडिलांनी तारीख काढली. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," असं श्रीरंगदादा अजून सांगतात. सल्लागारांनी 'मूक झापणी' हा पुढचा अभ्यासक्रम सुरू केलाय, आणि दुसऱ्या एका कारखान्यात तो जोरात चाललाय म्हणे.

तुम्हीही मघापासून या सगळ्यांना हसताय. हसा. फक्त एक आठवण करून देतो. सिद्धेश 'उपपरिक्षेपी तत्त्वावर' रुजू झाला, असं मी अगदी सुरुवातीला म्हटलं होतं. तो शब्द कुठल्याच कोशात नाही, मी तिथल्या तिथे बनवला होता. तुम्ही मान डोलावलीत आणि पुढे गेलात.

कळलं?