एका नवरदेवाचे तीन आवाज

स्वतःबद्दल स्वतःच बोलणं मला आवडत नाही. पण दुसरं कोणी बोलत नाही, त्याला माझा इलाज नाही. मी ज्ञानेश्वर, चिखली तालुक्यातला एकमेव खाजगी गुप्तहेर. कार्यालय पिठाच्या गिरणीच्या माडीवर. माझी नजर घारीची आणि कान सशाचे आहेत. मेंदूबद्दल विनय आडवा येतो.

उंद्रीच्या रामरावांनी मला बोलावलं. त्यांच्या प्रेरणाचा साखरपुडा रविवारी ठरला होता. मुलगा प्रज्वल, तालुक्याच्या कचेरीत कारकून. पण मुलगी गप्प गप्प होती.

"पोरगी पाहाच्या कार्यक्रमात तो तिले इचारे, 'आपले छंद कोणते आहेत?'" रामराव म्हणाले. "पोरगी म्हंते, असा मानूस घरात कसा राहीन? मले बी शंका येऊन राह्यली. भाऊ, तुमी जरा पाहा."

मी पाहिलं नाही, ऐकलं. तीन दिवस प्रज्वलच्या मागे राहून मोबाइलवर आवाज टिपले आणि गुरुवारी रामरावांच्या ओसरीवर ते स्फोटक पुरावे उघडे केले. प्रेरणा दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

पहिला आवाज, त्याच्या घराच्या खिडकीखालून टिपलेला: "माय वं, मले लवकर भाकर दे ना. डोये लागून राह्यले भुकेनं!"

दुसरा, कचेरीतला, साहेबांसमोर: "सर, फाईल पुटअप केली आहे. त्रुटींची पूर्तता करण्यात येईल."

"आता लक्ष द्या," मी बोट वर केलं. "पहिला म्हणतो, मले दे. त्याला काय हवं, कोणाकडून हवं, सगळं स्वच्छ. दुसऱ्याच्या बोलण्यात माणूसच नाही! पूर्तता करण्यात येईल. कोण करणार? पत्ता नाही. हा हात लपवणारा सराईत गुन्हेगार आहे."

रामरावांनी कपाळाला हात लावला.

तिसरा, शाळेच्या स्नेहसंमेलनातला, हातात माईक: "व्यासपीठावरील मान्यवर आणि उपस्थित रसिकहो! प्रमुख अतिथींनी दीपप्रज्वलन करावे, अशी मी त्यांना नम्र विनंती करतो."

"हा पुण्याचा!" मी गरजलो. "पहिल्याचं पानी, दुसऱ्याचं पाणी, आणि तिसरा पाणी पितच नाही, जलपान करतो. एकाच नावावर तीन माणसं! जुळी नव्हे, तिळी! साखरपुड्याला एक, लग्नाला दुसरा आणि संसाराला तिसरा येणार."

"अन् हे?" प्रेरणानं विचारलं. मोबाइलवर पुढचा आवाज आपोआप सुरू झाला होता. कचेरीचंच टेबल, पण समोर कोणी म्हातारा होता: "काकाजी, काऊन उभे राह्यले? बसा ना जवय. कागद मी लिहून देतो."

"पहिला चोरून कचेरीत घुसलेला दिसतो," मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो.

"बस झालं," रामराव उठले. "नाही म्हनून कळवतो."

त्यांनी फोन हातात घेतला, तेवढ्यात माझाच वाजला. घाईत बोट चुकलं आणि माझ्या सौभाग्यवती जयमालाबाई अख्ख्या ओसरीला ऐकू आल्या.

"काऊन हो, कुठी हाये तुमी? गिरनीतून दयन केवा आनता?"

"आनून राह्यलो ना वं! मले दम तं घेऊ दे!" मी ओरडलो, फोन ठेवला, घसा साफ केला. "क्षमस्व. तर, तिळ्यांसंबंधीचे आमचे निष्कर्ष असे की..."

प्रेरणाच्या हातातल्या कपबशा खुळखुळल्या. ती हसत होती.

"बाबा, तुमी बी सरपंचासमोर 'आपण' म्हनता अन् बैलासमोर काय म्हनता, ते सांगू काय? मानूस एकच हाये. समोर कोन हाये, तसा बोलते. मले भ्याव एकच होतं, माह्यासंग कोनता बोलीन?"

तिनं ट्रे खाली ठेवला, वडिलांच्या हातातला फोन घेतला, प्रज्वलला लावला आणि आपलं नाव सांगितलं.

"नमस्कार. आपण कशा आहात?" तिकडून तिसरा, माईकवरचा आवाज आला.

"मी बरी हाये. तुमी जेवले काय?"

तिकडून एक मोठा सुस्कारा.

"हाव... म्हंजे, होय. जेवूनच राह्यलो. मायनं वांग्याची भाजी केली. त्या दिवशी मी लय घाबरलो होतो बाप्पा, छंद-बिंद काय इचारत बसलो! तुमी... तू जेवली काय?"

प्रेरणा फोन घेऊन आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. रामरावांनी डोळे पुसले आणि थंडगार चहा एका घोटात संपवला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

खांद्यावर दळणाचा डबा घेऊन मी माडी चढलो आणि अहवाल लिहायला बसलो. छडा प्रेरणानं लावला हे खरं. पण तीन दिवस कान लावून काही ना काही शिकलोच होतो. लिहिलं: "सदर प्रकरणाचा यशस्वीरीत्या छडा लावण्यात आला आहे."

कोणी लावला, ते कोणी विचारत नाही.