बैठकीतली सतरंजी आणि भिंत

"ही सतरंजी वाकडी आहे," मनोहरराव म्हणाले, आणि सकाळी आणलेली ताजी जिलबी कुणाच्याही घशाखाली उतरेना.

मनोहरराव सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. खामला रोडच्या नव्या ले-आऊटमधलं हे घर त्यांनी स्वतः आखलं होतं, स्वतः उभं केलं होतं, आणि येईल त्याला ते पायापासून कौलापर्यंत समजावून सांगत. काटकोन हा त्यांचा कुळधर्म होता. ताटातल्या पोळीची घडीसुद्धा त्यांना काटकोनात लागे, आणि त्यांच्या पत्नी रुखमाबाई गेली अनेक वर्षं ती तशी घालून देत होत्या.

सतरंजी सूनबाईंनी, म्हणजे शामलाने विणली होती. शामलाचं माहेर खाप्याचं, कोष्टीपुऱ्यातलं. तिचा बाप आजही मागावर बसे. खरं तर मनोहररावांचे आजोबाही मागच चालवायचे, पण दोन पिढ्यांत घराणं मागाच्या खटखटीतून सुटून ड्रॉईंगच्या टेबलावर आलं होतं, आणि तिथून परत खाली उतरायची मनोहररावांची तयारी नव्हती. शामलाला मात्र माग हवा होता. मागच्या छपरीत, तुळशीच्या बाजूला, इतकंच तिचं मागणं. नवरा चंद्रभान बायकोच्या बाजूने होता, पण त्याची नोकरी चंद्रपूरला आणि आवाज त्याहूनही लांब. शेवटी मनोहररावांनी अट घातली होती, "माहेरी जाऊन एक सतरंजी विणून आण. महिन्याच्या शेवटल्या रविवारी गोपाळराव साहेब चहाले येऊन राहिले. त्यायले पसंत पडली, तर छपरी तुही."

गोपाळराव साहेब म्हणजे मनोहररावांचे निवृत्त एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर. काटकोनाच्या बाबतीत ते मनोहररावांचेही गुरू.

तर ती सतरंजी आज, रविवारी सकाळी, बैठकीत अंथरली होती. निळ्या जमिनीवर पांढरे शंकरपाळे, भोवती लाल काठ, काठात पायऱ्यापायऱ्यांची नक्षी, आणि दोन्ही टोकांना वीतभर लांब झालर. डाव्या भिंतीला सतरंजीची लांब बाजू तंतोतंत लागली होती. पण समोरच्या, खिडकीच्या भिंतीशी झालरीची गाठ पडेना. एका कोपऱ्यात झालर भिंतीला टेकली, दुसऱ्या कोपऱ्यात चार बोटं फट राहिली.

"वाकडी कशी अशीन, मामाजी?" शामला म्हणाली. ती चिडली नव्हती, तिला खरंच नवल वाटलं होतं. "मागावर फणी असते. फणीच्या एकेका घरातून एकेक उभा धागा जाते. रुंदी तिथंच बांधून जाते. मंग मी काठ ओढला नाही म्हंजे झालं."

"मंग ओढला अशीन."

"आत्याबाई, जरा धरा बरं तिकडून," शामलाने सासूबाईंना हाक मारली.

दोघींनी सतरंजी उभी दुमडली. लाल काठावर लाल काठ बसला, पायरीवर पायरी. मग आडवी दुमडली. झालरीवर झालर. मग शामलाने सुतळी आणून एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत ताणली, तिथे गाठ मारली, आणि तीच सुतळी दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर धरली. गाठ बरोब्बर कोपऱ्यावर आली.

तिरपी मापं सारखी आली की कोन काटकोन, हे मनोहरराव स्वतः गवंड्यांना शिकवत आले होते. ते सुतळीकडे बघत राहिले. मग सतरंजीच्या कोपऱ्याशी उकिडवे बसले. मग गुडघ्यांवर आले. शेवटी त्यांनी हनुवटी जमिनीला टेकवली, आणि तिरप्या नजरेने सतरंजी पाहिली.

त्या क्षणी त्यांचं काय झालं ते त्यांनी नंतर कुणालाच नीट सांगितलं नाही. शंकरपाळ्यांची टोकं नाकासमोरून निघाली आणि थेट पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत एका ओळीत गेली. एकही टोक इकडे नाही, तिकडे नाही. त्यांनी मान थोडी सरकवली, तर दुसरी ओळ उघडली, तीही तशीच. पन्नास फुटांचा रस्ता आखताना दुर्बीण लावूनही त्यांची रेघ कधी इतकी सरळ गेली नव्हती.

"हे कसं केलं वं?" ते जमिनीवरूनच म्हणाले.

"मोजून," शामला म्हणाली. "आडवा धागा दर वेळी एक उभा धागा सोडून सरकवायचा, म्हंजे शंकरपाळ्याची बाजू तिरपी उतरते. पण खरं काम पंजाचं. विणलेलं पंजानं खाली ठोकतो ना, तो ठोका सारखाच पडला पाह्यजे. रागात जोरात ठोकलं तर शंकरपाळं बसकं होते. हात थकला तर लांबट. सामोरून दिसत नाही, पण असं आडवं होऊन पाह्यलं की रेघ लगेच मोडते. बाबा रोज संध्याकाळी असेच आडवे होऊन पाहत."

"अन् कोपरे?"

"काठाची नक्षी मधल्या धाग्यापासून दोन्हीकडे मोजत जाते. कोपऱ्यात पायरी अर्धी येऊ द्याची नाही. म्हणून धागे आधीच तसे धरायचे." ती जराशी लाजली. "लाल सूत जरा कमी पडलं. शेवटचा काठ गल्लीतल्या वाणीणबाईच्या लुगड्यासारखा जांभळट आला आहे, पाहा."

मनोहररावांनी जांभळट काठ पाहिला नाही. त्यांना आता दुसरंच काहीतरी दिसत होतं. सतरंजी सरळ होती. म्हणजे भिंत वाकडी होती. त्यांनी ओळंबा लावून उभी केलेली भिंत. ओळंब्याने भिंत उभी आहे की नाही ते कळतं, बाजूच्या भिंतीशी काटकोनात आहे की नाही ते नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? या बैठकीत साहेब आता तीन तासांत येऊन बसणार होते.

"तुम्ही दोघी देवळात जाऊन या," ते म्हणाले.

दोघी गेल्या. मनोहररावांनी आधी सतरंजी खिडकीच्या भिंतीला लावून पाहिली, तर डाव्या बाजूला फट पडली. मधोमध अंथरली, तर चारही बाजूंनी फट दिसू लागली. खुर्च्या आणि दिवाण सतरंजीच्या रेषेत ओढले, तर दिवाण दाराआड आला आणि दार उघडेना. खिडकीतून बाहेर पडून, वळसा घालून, शेजारच्या इंदुताईंच्या अंगणातून त्यांना बाहेरून दार ढकलत पुन्हा आत यावं लागलं.

"काय झालं जी, मनोहरराव?" इंदुताईंनी विचारलं.

"हवा पाहून राहिलो," ते म्हणाले.

तेव्हाच त्यांना झालरीची कल्पना सुचली. विणलेल्या भागाला हात लावायचा नाही. पण झालर तर नुसते लोंबते दोरे. भिंतीला समांतर तेवढी कापली की फट दिसणार नाही, कुणाला कळणार नाही. त्यांनी रुखमाबाईंची शिवणाची कात्री घेतली आणि पट्टी लावून, भिंतीच्या रेषेत, झालर तिरपी छाटली. काम फार सुरेख झालं. फक्त समोरची झालर तिरपी आणि अलीकडची सरळ, ही विसंगती त्यांच्या डोळ्यांना सोसेना, म्हणून त्यांनी अलीकडचीही छाटली. पण वळून बसल्यामुळे तिरकेपणा उलटा पडला. तो सुधारता सुधारता एका कोपऱ्यात कात्री गाठींच्याही आत गेली.

झालर म्हणजे लोंबते दोरे नव्हेत, हे त्यांना तेव्हा कळलं. ते सतरंजीचे उभे धागेच असतात, टोकाशी मोकळे सोडलेले, आणि त्यांच्या गाठींमुळे आडवे धागे आत धरून राहतात. गाठी सुटल्या आणि कोपऱ्यातला लाल काठ त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक धागा सरकू लागला.

शामला परतली तेव्हा सासरे कोपऱ्यावर तळवा दाबून, हालचाल न करता बसले होते.

तिचे डोळे भरून आले, ते तिने पदराने टिपले. मग पंजाऐवजी स्वयंपाकघरातला काटा आणून सरकलेले धागे आत दाबले, जाड सुई घेतली आणि काठावरून घट्ट घट्ट टाके घालत गेली. रुखमाबाई एकदाच म्हणाल्या, "अहो, पोळी नाही ती."

शेवटचा टाका होतो न होतो तोच फाटक वाजलं. गोपाळराव साहेब आले, काठी टेकत बसले, आणि चहा येण्याआधीच त्यांची नजर खाली गेली.

"ही कुठली?"

"सूनबाईनं विणली, साहेब."

साहेब उठले. काठी बाजूला ठेवली. सत्तरीतला तो माणूस हळूहळू गुडघ्यांवर आला, आणि कोपऱ्याशी हनुवटी टेकवून सतरंजीकडे पाहू लागला. रुखमाबाईंच्या हातातला ट्रे तसाच राहिला.

"वा," साहेब शेवटी म्हणाले. "वा रे वा. आयुष्यभर रेघा मारल्या मी." आणि मग त्यांची नजर झालरीवर गेली. "पण मनोहर, हे काय? झालर तिरपी. हा कोपरा तर शिवलेला. इतकं सुंदर काम अन् शेवटी हात वाकडा झाला पोरीचा? पसंत म्हणता म्हणता राहून गेलं."

सगळ्यांनी शामलाकडे पाहिलं. तिने खाली पाहिलं. तिने काही सांगितलं असतं तर सासऱ्यांचा मान गेला असता, आणि गप्प राहिली तर तिची छपरी. ती गप्प राहिली.

मनोहरराव पुढे आले.

"साहेब," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला, "पोरीचा हात सरळ आहे. झालर मी कापली. भिंत वाकडी आहे, साहेब. माही."

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. झालरीकडे पाहिलं. भिंतीची चूक झालरीत अगदी मापून उतरली होती. ते खुर्चीत जाऊन बसले, आणि बराच वेळ चहात बिस्किट बुडवत राहिले. बिस्किट तुटून कपात पडलं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"मनोहर," ते हळूच म्हणाले, "मह्या बैठकीत सतरंजी काहून नाही, कधी विचार केला तू?"

"नाही, साहेब."

"एकदा आणली होती. त्याच दिवशी परत केली. दुकानदाराले म्हटलं, वाकडी आहे." त्यांनी शामलाकडे पाहिलं, आणि निवृत्त एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरच्या चेहऱ्यावर लहान मुलाची भीड आली. "पोरी, मह्यासाठी एक विणशीन? खोलीच्या मापाची. म्हंजे एका अंगानं जराशी, अशी... आत येणारी?"

"वाकडी?" शामलाने विचारलं. तिने खरंच विचार केला, बोटांवर धागे मोजले आणि मान हलवली. "नाही होत, साहेब. फणी सोडत नाही."

साहेब आधी हसले, मग रुखमाबाई, आणि शामलाचं हसू तर पदरातही मावेना. मनोहरराव हसले नाहीत. ते सुतळी घेऊन केव्हाच मागच्या छपरीत गेले होते, आणि तिथून त्यांचा आवाज आला.

"सूनबाई, माग भिंतीच्या रेषेत नको लावू वं. माग सरळ लाव. भिंतीचं मी पाहून घेईन."