वडिलांना आवडलेला पहिला मेसेज

विवाह म्हणजे दोन माणसांनी आयुष्यभर एकमेकांशी बोलत राहण्याची व्यवस्था. म्हणूनच ती पक्की होईपर्यंत त्या दोघांनी एकमेकांशी बोलू नये, अशी आपल्याकडे सोय आहे. विवाह जुळवणाऱ्या वेबसाइट आल्यावर ही सोय मोडेल की काय, अशी भीती काही ज्येष्ठांना वाटली होती. ती निराधार ठरली. ज्येष्ठांनी पासवर्ड स्वतःकडे ठेवले.

दुसरबीडच्या धम्मदीपचं प्रोफाइल त्याच्या प्रेमानंदमामांनी भरलं. धम्मदीप रसायनशास्त्रात एम.एस्सी., सिंदखेडराजाच्या एका खासगी प्रयोगशाळेत माती तपासतो. पण स्वतःची माहिती भरण्याइतका तो अनुभवी नव्हता, असं मामांचं मत होतं. मामांनी उंची दोन बोटं वाढवली (बुटांसह मोजल्यामुळे). मंगळाचा रकाना आला तेव्हा ते अडले. तिथे 'आहे', 'नाही' आणि 'माहीत नाही' असे तीनच पर्याय होते. 'मानत नाही' हा चौथा नव्हता. बौद्ध घरातल्या माणसानं काय निवडावं यावर घरात एक संध्याकाळ गेली. शेवटी मामांनी 'माहीत नाही' निवडलं, आणि मंगळाला आपल्याबद्दलही माहीत नाही, अशी सर्वांची समजूत घातली.

वेबसाइटची कार्यपद्धती निर्दोष आहे. आवडलेल्या प्रोफाइलला आधी 'इंटरेस्ट' पाठवायचा. समोरून तो स्वीकारला गेला की फोटो दिसतो. फुकट सदस्याला ठरावीक छापील वाक्यच पाठवता येतं. पैसे भरलेल्याला स्वतःच्या शब्दांत लिहिता येतं. स्वतःच्या शब्दांना पैसे पडतात हे कळल्यामुळे असेल, बहुतेक सदस्य पैसे भरूनही ते वापरत नाहीत.

हे विधान अभ्यासाअंती केलेलं आहे. धम्मदीपची मावसबहीण करिष्मा हिचंही प्रोफाइल त्याच वेबसाइटवर होतं. पहिला मेसेज कसा असावा हे ठरवण्याआधी तो कसा असतो हे पाहावं, म्हणून धम्मदीपनं तिच्या परवानगीनं तिला आलेल्या मेसेजेसचं वर्गीकरण केलं. निम्म्याहून अधिक जणांनी 'हाय' एवढंच लिहिलं होतं. एकपंचमांश लोकांनी 'बायोडाटा पाठवा' अशी मागणी केली होती (बायोडाटा त्याच पानावर, मेसेजच्या बरोबर वर होता). काहींनी पगार विचारला, काहींनी रंग. एकानं मात्र मन लावून अर्धं पान लिहिलं होतं: तुमचे विचार वाचून भारावलो, असं माणूस आयुष्यात एकदाच भेटतं. त्याची सुरुवात 'प्रिय अश्विनी' अशी होती.

"दादा, याले उत्तर देऊन टाकलं मी," करिष्मा म्हणाली.

"काय लिहिलंस?"

"अश्विनी बाहेर गेली हाये, आली की सांगते म्हटलं."

करिष्माच्या प्रोफाइलवर 'स्वभाव शांत' असं लिहिलेलं आहे. ते तिच्या आईनं लिहिलं, तेव्हा करिष्मा शेजारी उभी राहून त्यावरूनच भांडत होती.

धम्मदीपचं लक्ष एका प्रोफाइलवर थांबलं होतं. समता, गाव बीबी, बी.एस्सी. कृषी, बियाणे कंपनीत उगवण-चाचणीचं काम. स्वतःविषयीच्या रकान्यात लिहिलं होतं: 'मुलगी स्वभावाने शांत, घरकामात तरबेज, मोठ्यांचा मान राखणारी.' खाली: 'प्रोफाइल चालवणारे: वडील.' दुसरबीडहून बीबी एवढं जवळ की एका गावचा लाउडस्पीकर वाऱ्याची दिशा बरी असली तर दुसऱ्या गावाला ऐकू जावा. तरी दोघांची ओळख होण्यासाठी माहिती कुठल्याशा परमुलखातल्या यंत्रापर्यंत जाऊन परत येणं आवश्यक होतं.

इंटरेस्ट गेला, स्वीकारला गेला. आता पहिला मेसेज.

धम्मदीपनं यावर शास्त्रीय दृष्टीनं विचार केला. मेसेज जातो मुलीला, वाचतात वडील. त्यामुळे जो मेसेज तिच्या वडिलांसमोर मोठ्यानं वाचता येत नाही, तो पाठवू नये. आणि जो फक्त वडिलांसमोरच वाचण्याजोगा आहे, तोही पाठवू नये. फोटोबद्दल बोलू नये. नंबर मागू नये (मागितला तरी वेबसाइट आकडे झाकून टाकते). तिनं वाचून आपल्याशी बोलावं असं काही विचारावं, आणि बोलायचं नसेल तर तिला सहज बाहेर पडता यावं. बराच वेळ घेऊन त्यानं लिहिलं:

'जय भीम, समता. मी धम्मदीप, दुसरबीडचा. माती तपासण्याचं काम करतो. तुमच्या प्रोफाइलवर उगवण-चाचणी हा शब्द वाचला आणि थांबलो. काही बिया उगवत नाहीत, पण मेलेल्याही नसतात, असं वाचलं आहे. त्या तुम्ही कशा ओळखता? मी इथे लग्नाच्याच विचारानं आहे, म्हणून आधी तुम्ही कामाकडे, जगाकडे कशा बघता हे जाणून घ्यावंसं वाटतं. घाई नाही. पुढे बोलायचं नसेल तर तेवढं कळवलं तरी पुरे. मला वाईट वाटणार नाही. (थोडं वाटेल, पण ते माझं मी बघेन.) काका वाचत असतील तर त्यांनाही जय भीम.'

मामांनी मसुदा तपासला.

"काऊन बे, लग्न करायचं हाये का पेरणी?"

"मामा, तिचं काम आहे ते."

"काम नोकरीवर. इथं 'आमची कोणतीही अपेक्षा नाही' असं टाक. मंग खाली अपेक्षा लिहू."

आई जनकाबाईंचं म्हणणं वेगळं होतं. "पोराले जेवाले काय आवडते ते तं लिव्ह. तिले आधीच माहीत असलेलं बरं."

धम्मदीपनं दोन्ही सूचना नम्रपणे ऐकल्या आणि मेसेज होता तसा पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. ते इतकं लांब होतं की वाचताना अंगठा दुखला.

'प्रिय धम्मदीप, जय भीम. मी सहदेव, समताचे वडील, निवृत्त कृषी सहाय्यक. आपला प्रश्न अत्यंत मौलिक आहे. निवृत्तीनंतर असा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता.' पुढे ओल्या गोणपाटावर सोयाबीनच्या शंभर बिया ओळीत मांडून, गुंडाळी करून, सावलीत ठेवून, रोज पाणी शिंपडून उगवलेल्या बिया कशा मोजाव्यात याचं साग्रसंगीत वर्णन होतं. टणक सालीची बी पाणी पीत नाही, फुगत नाही, पण मेलेली नसते. मेलेली बी मऊ पडते, बुरशी धरते. शेवटी विचारलं होतं: 'आपल्या तालुक्यात जमिनीचा सामू, म्हणजे पीएच, काय येतो?'

सामूचा प्रश्न विचारला गेल्यावर उत्तर न देणं हे रसायनशास्त्राच्या पदवीधराला शोभत नाही. धम्मदीपनं उत्तर दिलं. त्यावर सहदेवरावांनी चुनखडीबद्दल लिहिलं. मग जस्ताची कमतरता झाली, मग गंधक झालं. पत्रव्यवहार भरभराटीला आला. सहदेवराव सकाळचा चहा घेतानाच लिहायला बसत. एकदा तर त्यांनी 'आपण फार दिवसांनी लिहिलंत' अशी तक्रारही केली.

उभय घरांत समाधान पसरलं. "नव्वद टक्के काम झालं," प्रेमानंदमामा म्हणाले. उरलेले दहा टक्के म्हणजे मुलगी.

मामांनी सहदेवरावांशी परस्पर बोलून बीबीला रविवारची पाहणी ठरवली. दोन्हीकडचे मिळून अकरा जण, कांदापोहे, आणि ते संपल्यावर "तुमाले काही विचाराचं असन तं विचारा" असं म्हणून अकराच्या अकरा जणांनी कान देऊन बसणं. अशा वेळी मुलगा 'छंद काय?' विचारतो, मुलगी 'वाचन' म्हणते, आणि दोघं जन्मभर एकमेकांना ओळखतात असं गृहीत धरलं जातं.

धम्मदीपनं हिशेब मांडला. त्याला समताच्या वडिलांचं गंधकाबद्दलचं मत ठाऊक होतं. समताचं कशाहीबद्दलचं मत ठाऊक नव्हतं. रविवारच्या आधी तिचं स्वतःचं एक वाक्य यायला हवं होतं. नाही आलं, तर तो रविवारी होकार देणार होता, कारण नकाराला कारण लागतं, आणि इतक्या चांगल्या वडिलांमध्ये कारण सापडत नव्हतं.

"दादा, एक सांगू?" करिष्मा म्हणाली. "तुले सासरा भेटला. बायको पाह्यजे असन तं असं काही विचार, जे बापाले येत नाही."

"त्यांना सगळं येतं."

"कोन्या बापाले पोरीचं सगळं येते बे?"

यात तर्काचा दोष नव्हता. वडिलांशी झालेला पत्रव्यवहार हा वडिलांशी झालेला पत्रव्यवहार. समताला पहिला मेसेज अजून जायचाच होता. शुक्रवारी त्यानं तो लिहिला.

'समता, जय भीम. काकांशी बोलून खूप शिकलो, त्यांचे आभार. पण काही गोष्टी फक्त तुम्हीच सांगू शकता. तुमच्या प्रोफाइलवर तुमच्याबद्दल जे लिहिलं आहे, त्यातलं काय तुम्हाला खोडावंसं वाटतं? आणि तिथे स्वतःच्या हातानं काय लिहाल? माझ्या प्रोफाइलवरची उंची बुटांसह आहे, तेवढी मी आधीच खोडतो. तुम्ही काहीही लिहिलंत, किंवा नको म्हणालात, तरी रविवारी येण्याआधी मला ते तुमच्याकडून कळलेलं आवडेल.'

मेसेज वाचला गेल्याची खूण आली. उत्तर नाही. शनिवारी सकाळच्या चहालाही नाही. मामांनी तीन वेळा विचारलं, "काय बे, बिघडवलं का?" जनकाबाईंनी बीबीला न्यायच्या लाडवांसाठी देवळगावराजाहून आणलेले शेंगदाणे परत डब्यात ओतले.

दुपारी सहदेवरावांचं उत्तर आलं. आजवरचं सर्वांत छोटं.

'प्रिय धम्मदीप, ते वाक्य मी दुसऱ्या एका मुलीच्या प्रोफाइलवरून उतरवलं होतं. पन्नास अक्षरांशिवाय रकाना पुढे जात नव्हता. आपला प्रश्न मी समताला वाचून दाखवला. उत्तर मलाच लिहायचं म्हणून कागद घेऊन बसलो होतो. ती बराच वेळ हसली, मग हसायची थांबली, आणि फोन मागून घेतला. तिला शांत म्हणण्याआधी मी तिला काही विचारलंच नव्हतं, असं ती म्हणते. यात तथ्य असावं. पासवर्ड ती बदलत आहे, त्यामुळे हा माझा शेवटचा. गंधकाबाबत शंका असल्यास माझा नंबर ●●●●●●●●●●.'

संध्याकाळी समताच्या प्रोफाइलवर 'चालवणारे: स्वतः' असं दिसू लागलं. 'माझ्याविषयी'चा रकाना कोरा होता. वेबसाइटनं तो कसा स्वीकारला हे तिचं तिलाच माहीत. त्यानंतर थोड्याच वेळात धम्मदीपचा फोन वाजला. समताचा मेसेज होता.

प्रेमानंदमामांनी चष्मा लावला. जनकाबाईंनी पदराला हात पुसले. करिष्मा खुर्चीमागे येऊन उभी राहिली. धम्मदीपनं तो एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि प्रयोगशाळेतल्या चार वर्षांत फक्त तराजूवर माती तोलताना दिसणारं हसू त्याच्या तोंडावर आलं. मग त्यानं फोन खिशात ठेवला.

"अबे, वाच ना मोठ्यानं!" मामा म्हणाले.

"नाही मामा. मले लिहिलं हाये."

घरात असं पहिल्यांदाच घडत होतं. मामा ताडकन उठून बाहेर गेले, आणि आत कोणी मोठ्यानं वाचतं आहे का हे ऐकायला दाराशीच थांबले. जनकाबाईंनी डबा उघडून शेंगदाणे पुन्हा बाहेर काढले आणि भाजायला घेतले.

समतानं काय लिहिलं, हे त्यामुळे इथे देता येत नाही. ते आपल्याला लिहिलेलं नव्हतं. पहिला मेसेज, काकांची सगळी पत्रं आणि शुक्रवारचा मेसेजसुद्धा आपण निवांत वाचलात. त्यांतलंही काही आपल्याला लिहिलेलं नव्हतं, पण तेव्हा आपण एकदाही तक्रार केली नाहीत.