कवळी, खाकी आणि कौसाबाईंचं गाठोडं

भाजी आणावी तर मी! हे मी उगाच सांगत नाही. कंपनीत तीस वर्षं स्टोअर सांभाळलं, माल डोळ्यांनी जोखायची सवय आहे. मेथीची जुडी नुसती उचलली तरी आत चिखल किती आणि मेथी किती, हे मी सांगू शकतो. त्यामुळे त्या रविवारी मी उमाला म्हणालो, "तू घरी आराम कर. दवाखान्यातून तुझी कवळीही आणतो आणि भाजीही आणतो. तासाभरात हजर!"

उमाने पदर तोंडावर धरून नुसती मान हलवली. तिची वरची कवळी तडकली होती, दुरुस्तीला टाकली होती. आणि दुपारी बदलापूरहून यज्ञेशच्या घरची मंडळी आमच्या ओवीची बोलणी करायला येणार होती! आमच्या घरात बोलणी उमा करते. मी केली की मोडतात. मागच्या स्थळाच्या वेळी मी मुलाच्या वडिलांना फक्त वजन विचारलं होतं, तेही काळजीपोटी. पण यज्ञेश ओवीला मनापासून आवडला होता. म्हणजे कवळी वेळेत उमाच्या तोंडात पोचली नाही, तर पोरीचं लग्न माझ्या तोंडावर अवलंबून!

निघताना मी कंपनीचा जुना खाकी शर्ट आणि खाकी पँट चढवली. बाजारात चांगले कपडे कशाला मळवायचे? ही पहिली चूक.

दवाखान्यातून कवळीची डबी घेतली आणि खिशात न ठेवता भाजीच्या पिशवीत ठेवली. खिशातून पडली तर? ही दुसरी.

अंबरनाथ पूर्वेच्या बाजारात रस्त्याकडेला आमच्या कौसाबाई बसतात. बदलापूर गावातून पहाटे स्वतःच्या शेतातली भाजी घेऊन येतात. त्यांच्याकडून मेथी आणि वालाच्या शेंगा घेतल्या, डबीवर भरल्या आणि नेहमीप्रमाणे म्हणालो, "कौसाबाई, पिशवी इथेच राहू दे. टोमॅटो घेऊन आलोच."

"ठेवा नं सायेब. ती काय मना खातेय?" कौसाबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला होता आणि मेथीवर पाणी शिंपडत होत्या.

पार दुसऱ्या टोकाला टोमॅटो निवडताना माझं घड्याळाकडे लक्ष गेलं. बाप रे! मंडळी निघालीसुद्धा असतील. मी वळलो आणि धावत सुटलो. हात वर करून ओरडलोही, "कौसाबाई! पिशवी काढून ठेवा!"

आता तुम्ही म्हणाल, धावण्यात काय चूक? सांगतो. रस्त्यावर बसणारा भाजीवाला एक डोळा गिऱ्हाइकावर ठेवतो आणि दुसरा रस्त्याच्या टोकावर. खाकीतली माणसं घेऊन नगरपालिकेची अतिक्रमणवाली गाडी कधी येईल, नेम नसतो. म्हणून तर माल ताडपत्रीवर मांडतात. चार कोपरे धरले की गाठोडं तयार. आधी वजनकाटा काखेत, कारण एकदा जप्त झाला की सोडवायला दंड. मग गाठोडं डोक्यावर. मग पाय. विचार सगळ्यात शेवटी, आडोशाला पोचल्यावर.

आणि इथे एक खाकीतला माणूस हात वर करून, "काढा, काढा" ओरडत भर बाजारातून पळत येत होता!

"गाडी आली रे!" कोणीतरी आरोळी ठोकली.

रस्ता उठला. खरंच सांगतो, अख्खा रस्ता उठून चालायला लागला! कोथिंबीर गेली, कारली गेली, लिंबांची पाटी माझ्या डोळ्यांसमोर एका दुकानाच्या शटरखाली गेली. मीही घाबरून मागे पाहिलं. गाडी कुठेच नव्हती. मला आनंद झाला आणि मी आणखी जोरात धावलो.

कौसाबाईंनी चष्म्याविना माझ्याकडे पाहिलं. त्यांना फक्त खाकी दिसली. काटा काखेत, चार कोपरे एका मुठीत आणि बाई गल्लीत! माझी पिशवी भाजीसकट गाठोड्यात!

"कौसाबाई, थांबा! आत दात आहेत!"

हे ऐकून त्यांनी वेग वाढवला. सत्तरीची बाई, डोक्यावर गाठोडं, पण मला अंतर कमी करता येईना. तेवढ्यात माझ्या पायापाशी एक इलेक्ट्रॉनिक काटा दिसला. कोणा बिचाऱ्याचा घाईत पडला असणार. परत देऊ, म्हणून मी उचलला. तिसरी चूक, आणि सगळ्यात मोठी. आता मी खाकीत होतो आणि माझ्या हातात जप्त केलेला काटा होता.

"ओ साब! मेरा काटा!" मागून आवाज आला. केळीवाला सनी, उल्हासनगर कॅम्प पाचचा. "साब, आत्ताच लावली होती केळ्यांची गाडी! बोहनी पण नाय झाली!"

"अरे, घे ना मग!" मी पळता पळता म्हणालो.

"असं कसं घेऊ साब? पावती फाडणार तुम्ही! ये लो, एक डझन केळी घ्या, सोडा ना!"

तर पुढे कौसाबाई, मधे मी, मागे केळी घेऊन सनी. गल्लीतल्या बायका खिडक्यांतून बघत होत्या. एकीने मला "लाज नाही वाटत, म्हातारीच्या मागे लागता!" असं सुनावलं. ते मी ऐकून घेतलं.

कौसाबाई एका बिल्डिंगच्या जिन्यात शिरल्या आणि आतून दार लागलं. मी दार ठोठावलं.

"इथं कोनी नाय!" आतून दहा-बारा आवाज आले.

"कौसाबाई, मी शरदचंद्र! कोथिंबीर फुकट मागतो तो!"

मग दार फटीएवढं उघडलं. "अरं देवा, तुमी व्हय? मंग आधी नाय सांगायचं!"

आम्हा दोघांना आत ओढलं. जिन्याच्या पायरी-पायरीवर भाजी आणि भाजीवाले. सनीने काटा छातीशी धरला. मी गाठोड्यात हात घालून पिशवी काढली, डबी उघडून पाहिली. कवळी शाबूत! "देवा रे, वाचलो!" म्हणून मी दाराकडे वळलो आणि बाहेर भोंगा वाजला.

गाडी! खरीखुरी!

"आता कोनी भायेर नाय जायाचं," कौसाबाईंनी कडी लावली.

"अहो, माझ्या मुलीची बोलणी आहेत!"

"आन् आमचा माल हाय! बसा गुमान."

मी बसलो. बाहेर पथकाची माणसं रिकाम्या रस्त्यावरून बावचळून फिरत होती. गाडी यायच्या आधीच उठवलं म्हणून आत मला सगळे देवमाणूस म्हणत होते. टोमॅटो, दुधी, केळी, सगळं माझ्या पिशवीत पडत होतं आणि घड्याळ पुढे पळत होतं. मला रडू येत होतं हो! पोरीचं लग्न मोडायला मी या वेळी घरी असण्याचीही गरज पडली नव्हती.

गाडी गेल्यावर सुटलो. घामाघूम होऊन घरी पोचलो, तर दारात मंडळी चपला घालत होती! संपलं, मी म्हटलं.

"या, व्याही!" यज्ञेशच्या आईने हसून माझ्या हातावर पेढा ठेवला. "सगळं ठरलं बरं का! खरं सांगू, आम्हाला तुमच्या उमाताईच जास्त आवडल्या. काय शांत बाई! तासाभरात तोंडातून एक शब्द नाही, नुसती मान हलवतात. अशी विहीण नशिबाने मिळते!"

उमाने पदराआडून माझ्याकडे पाहिलं. ओवीच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. मी डबी पाठीमागे लपवली.

लग्न मे महिन्यात आहे. तोवर व्याह्यांकडचं कोणी येणार असलं, की उमा कवळी काढून डबीत ठेवते. बाकीच्या वेळी ती तोंडात असते. आणि बाकीच्या वेळी ऐकायला घरात मी एकटाच असतो.