अर्थ एकमताने मंजूर

कोणत्याही कवितेचा अर्थ गटाने एकमताने ठरवल्याशिवाय ती पूर्ण झाली असं मानू नये, असा ठराव लंडनच्या पिनर उपनगरातल्या आमच्या मराठी काव्यगटाने दोन हजार सहा साली संमत केला. ठराव मांडणारा मीच होतो आणि अध्यक्षही मीच होतो, त्यामुळे चर्चा लांबली नाही. मी एका बँकेत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. ज्या स्क्रीनवर एकाला एक दिसतं आणि दुसऱ्याला भलतंच, तो स्क्रीन आम्ही ग्राहकाच्या गळ्यात मारत नाही. कवितेला वेगळा न्याय का लावायचा, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

गटाची पद्धत तशी मंजिरीने आणली होती. ती एका कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन कविता लिहायला शिकली होती. कवीने कविता वाचायची, मग दुसऱ्या कुणीतरी ती पुन्हा वाचायची, म्हणजे कवीला आपले शब्द परक्या आवाजात ऐकू येतात. त्यानंतर कवीने तोंड उघडायचं नाही. समजावून सांगायचं नाही, बचाव करायचा नाही, फक्त टिपून घ्यायचं. इतरांनी आधी कागदावर काय दिसतं ते सांगायचं, म्हणजे कोण बोलतंय, कुणाशी, कुठे. मग कुठली ओळ भिडली ते. सूचना सगळ्यात शेवटी.

"कारण पुस्तक वाचणाऱ्याच्या शेजारी कवी बसलेला नसतो," असं मंजिरी म्हणाली होती.

यातला कवीने गप्प बसण्याचा भाग मला मनापासून आवडला. बाकीचा जरा ढिला वाटला, म्हणून मी त्यात एकमताची तरतूद घातली.

माझी पत्नी वरदा हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ आहे. गटात ती कधी आली नव्हती. मात्र त्या रविवारी तिने स्वतःहून कविता आणली. निघताना ती म्हणाली, "श्री, आज प्लीज चेअर करू नकोस. नुसतं ऐक. तुझ्यासाठीच लिहिलीये."

मला भरून आलं. पण अध्यक्षाने अध्यक्षस्थान सोडून ऐकत बसायचं म्हटलं तर सभा कोण चालवणार? मी तिला तसं समजावलं.

कविता अशी होती:

*दोन कप धुतले.*
*एक पुसून वरच्या कपाटात ठेवला.*
*दूधवाल्याला सांगितलं,*
*पुढच्या महिन्यापासून एकच पाइंट.*
*तू टीव्हीचा आवाज वाढवलास.*
*बरं झालं.*
*सांगायचं होतं ते*
*मी हळूच सांगून टाकलं.*

मंजिरीने ती दुसऱ्यांदा वाचली. वाचताना तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळ बघत होतो.

"ही बाई आजारी आहे," शशिधरकाका म्हणाले. ते निवृत्त डॉक्टर, आमच्यात वडीलधारे. "रिपोर्ट आलाय आणि नवऱ्याला कसं सांगावं, कळत नाहीये. हे मी पेशंटच्या घरी शंभरदा पाहिलंय."

"काका, कोलेस्टेरॉल आहे हो," हाउन्सलोहून येणारा संजय म्हणाला. "जीपी डॉक्टरने सांगितलं असेल, फुल फॅट बंद. माझंपण सेम झालं. एक पाइंट, तोपण स्किम्ड."

"मला वाटतं, ती घर सोडून चाललीये," मंजिरी म्हणाली.

तिन्ही मतं एकमेकांशी विसंगत होती. मी स्वतः ही कविता काटकसरीवर आहे असं धरून चाललो होतो आणि मॉर्टगेजचे दर वाढत असताना पत्नीला ते सुचलं याचा मला अभिमान वाटत होता. "तू टीव्हीचा आवाज वाढवलास, बरं झालं" ही ओळ तर सरळसरळ नवऱ्याचं कौतुक होती.

"आपण भांडू नये," मंजिरी म्हणाली. "मतं कुठे फुटतात ते शोधू या. तिसऱ्या ओळीपर्यंत सगळ्यांना एकच दिसतंय, एक घर आणि दोन माणसं. 'एकच पाइंट'पाशी वाटा फुटतात, कारण कोण कमी होणार ते कळत नाही. आता हा धूसरपणा कवितेला हवाय की नकोय, ते फक्त वरदा ठरवू शकते. हवा असेल तर हात लावू नये. नको असेल तर तिथेच एखादी खरी वस्तू येऊ दे, एखादी बॅग, एखादं तिकीट. किंवा नुसतं शीर्षक. आपण आपल्याला काय दिसलं तेवढं सांगायचं. हात वर करून अर्थ ठरत नाही हो, श्रीकांत."

"मग कशाने ठरतो?" मी विचारलं.

"कधीकधी ठरतच नाही. ती घरी जाऊन बघेल, कुठलं वाचन तिला पटतंय आणि कुठलं ऐकून तिला धक्का बसलाय. धक्का बसला तर दुरुस्ती तिथे."

हे म्हणजे काम ग्राहकाच्या गळ्यात घालून निघून जाण्यासारखं होतं. मी तडजोड सुचवली. प्रत्येक वाचकाच्या मताला कवितेत एकेक ओळ द्यायची, म्हणजे कुणी नाराज राहणार नाही. काकांसाठी "रिपोर्ट आला" आलं. संजयसाठी "स्निग्धांश कमी करावा" आलं. मंजिरीने ओळ घ्यायला नकार दिला, तेव्हा तिच्या वतीने मी "जरा बाहेर जाऊन येते" अशी ओळ घातली. पण मग काका म्हणाले, रिपोर्ट आलेली बाई बाहेर कशी जाईल? म्हणून "रिपोर्ट नॉर्मल" केलं. नॉर्मल असेल तर दूध कमी कशाला, असं संजयने विचारलं. तेव्हा "काटकसर म्हणून" हे शब्द घालावेच लागले. टीव्हीची ओळ आता कुणालाच लागत नव्हती, ती काढली. शेवटच्या दोन ओळी मोघम होत्या, त्याही काढल्या.

आता कवितेचा अर्थ काचेसारखा स्वच्छ झाला. दूध बेताने घ्यावे. मंजिरी तटस्थ राहिली, बाकी सगळे हात वर गेले आणि कविता दिवाळी स्मरणिकेसाठी मंजूर झाली.

नियमाप्रमाणे शेवटी मी कवयित्रीला बोलायची परवानगी दिली. वरदाच्या कागदावर एक अक्षर नव्हतं. तिने पेनाचं टोपण लावलं.

"श्रीकांत, मला कार्डिफला नोकरी मिळालीये. मी पुढच्या महिन्यात तिकडे राहायला जातेय. एकटी. आपलं संपलंय, असं मला वाटतं."

काका चष्मा पुसू लागले. मला धक्का बसला, हे मी मान्य करतो. पण अशा वेळीच शिस्त उपयोगी पडते.

"म्हणजे तुला नक्की काय म्हणायचंय?" मी विचारलं.

"जे म्हटलं तेच," ती म्हणाली आणि कोट घालून गेली.

मात्र "असं मला वाटतं" हे शब्द मला मोघम वाटले. म्हणून तिची वाक्यं मी त्याच आठवड्यात गटाला ईमेलने पाठवली. संजयच्या मते हा करिअर ब्रेकचा विषय आहे. काकांच्या मते कामाचा ताण. माझ्या मते पिनर ते कार्डिफ हे अंतर प्रतीकात्मक असावं. मंजिरीने उत्तरच दिलेलं नाही.

एकमत अजून झालेलं नाही, म्हणून हे सगळं मी आपल्यासमोर जसंच्या तसं ठेवतो आहे. आपण इथवर वाचलंत म्हणजे आपलंही काहीतरी मत झालं असेलच, तेवढं कळवावं. तिला मात्र विचारायला जाऊ नका. अर्थ ठरेपर्यंत तिने बोलायचं नसतं.