कुठल्याच कुलपाची नसलेली किल्ली

रविवारी संध्याकाळपर्यंत आईबाबांचा संसार दुरुस्त करून दाखवते, असं भिंगरीनं आरशासमोर उभं राहून स्वतःला बजावलं. कमरेवर हात ठेवून! आदल्याच आठवड्यात वक्तृत्वात पहिला नंबर आला होता, त्यामुळे आता जगातली कुठलीही गोष्ट आपण बोलून सोडवू शकतो, अशी तिची पक्की खात्री झाली होती.

तसं घरात भांडण नव्हतंच. भांडण असतं तर बरं झालं असतं! बाबा किल्ल्या बनवायचे, आई दाताच्या प्रयोगशाळेत कवळ्या आणि दातांवर बसवायच्या टोप्या घडवायची, आणि संध्याकाळी दोघांत एवढंच बोलणं व्हायचं –

"दूध?"

"आणलं."

"बिल?"

"भरलं."

पोस्टातल्या तारासुद्धा याहून लांब असत असतील. आणि शुक्रवारी बाबा ताटावरून मान वर न करता म्हणाले, "दुसऱ्या गावी कुलपांच्या कारखान्यात सहा महिन्यांचं काम आहे. रविवारी रात्री कळवायचंय. मला जरा वेगळं काहीतरी बघायचंय."

आई म्हणाली, "जा."

बस. एवढंच! ना "का", ना "कुठे", ना "आम्हाला सोडून?" त्या एका अक्षरानं भिंगरीचा घास ताटातच राहिला.

शनिवारी तिनं पहिला उपाय केला. मासिकात लिहिलं होतं, जोडप्यानं समोरासमोर बसून एकमेकांच्या डोळ्यांत बघावं. तिनं खुर्च्या मांडल्या, दोघांना दामटून बसवलं. मग बाबा काळजीनं म्हणाले, "अगं, डोळ्यात काही गेलंय का?"

आई म्हणाली, "नाही. तुमच्या चष्म्याची काच पुसायला हवी."

उपाय संपला.

मग भिंगरीच्या लक्षात आलं, की या दोघांना एकमेकांबद्दल सगळं माहीत आहे, निदान तसं त्यांना वाटतं. विचारायला काही उरलंच नाही. म्हणजे हवं काय? एक कोडं! ती गुपचूप बाबांच्या दुकानात शिरली, सगळ्यात जास्त खपणारी एक कोरी किल्ली मेजावरच्या लोखंडी पकडीत आवळली आणि कानशीनं मनाला येईल तसे दाते घासले. दाते कसले, उंदरानं कुरतडलेली पोळी! ती किल्ली तिनं स्वयंपाकघरातल्या खणात, रबरबँडांच्या ढिगात टाकून दिली.

रविवारी सकाळी आईच्या हाताला लागली.

"अहो, ही कुठली किल्ली?"

"माझी नाही."

"किल्लीवाल्याच्या घरात किल्ली निघाली आणि किल्लीवाल्याची नाही?" आईचा आवाज चढला. "तिकडे खोली घेऊनसुद्धा झाली वाटतं!"

"खोली? तुझ्याच प्रयोगशाळेतल्या कपाटाची असेल! तिथलं कधी सांगतेस तू काही?"

"कधी विचारलंत?"

भिंगरी दाराआड थिजली. कोडं घालायला गेली आणि काडीमोडच मांडून बसली की! आत्ता कबूल करावं? पण आईचा चेहरा बघून जीभ टाळूला चिकटली. वक्तृत्वाचा पहिला नंबर, आणि तोंडातून हवासुद्धा निघेना.

"चला," आई उठली. "घरातलं एकेक कुलूप लावून बघू. मग कळेल कोण खरं."

निघाली वरात! कपाट, ट्रंक, सायकल, गच्चीचं दार. बाबा भिंग लावून किल्ली न्याहाळत होते. एकदा ते "हं" म्हणाले आणि का कोण जाणे, गप्प झाले. मागे चालणाऱ्या भिंगरीच्या केसांत आईनं काहीतरी पाहिलं, चिमटीत धरलं, फुंकून टाकलं आणि तीही गप्प झाली. भिंगरीला वाटलं, संपलं. आता वकीलच!

पण गच्चीच्या दारापाशी आईनं विचारलं, "ही किल्ली आत जाते, मग फिरत का नाही?"

बाबांनी चमकून पाहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच! "आत छोट्या खिळ्या असतात. प्रत्येक खिळी वेगळ्या उंचीची. सगळ्या नेमक्या एका रेषेत आल्या, तरच फिरते. एक जरी केसभर वर राहिली तरी अडते."

"टोपीचंही तसंच," आई म्हणाली. "केसभर उंच राहिली, की माणसाला अख्खा दिवस दुसरं काही सुचत नाही."

"मग तुला कळतं कसं कुठे उंच आहे ते?"

"रंगीत कागद चावायला देतात. जिथे डाग गडद, तिथे घासायचं."

"अरेच्चा! मीही तेच करतो, किल्लीला काजळी लावून!"

"मला कधी बोलला नाहीत!"

"तू तरी कुठे!"

दोघं जिना उतरताना कुजबुजत होती, प्रत्येक मजल्यावर कुलूप बघून थांबत होती आणि मधूनच खुदखुदत होती. तिसऱ्या मजल्यावर कवायतमास्तरांचं दार. निवृत्त झाले तरी आरशातल्या स्वतःला सावधान म्हणणारा माणूस!

"लावून बघू?" आईनं विचारलं. माझी आई? भिंगरीचा कानांवर विश्वास बसेना.

बाबांनी किल्ली घातली. आत गेली. आईनं उत्साहात पिळली.

कट्!

अर्धी किल्ली आईच्या हातात, अर्धी कुलपात!

"कोण आहे?" आतून गर्जना झाली. मास्तर आतून किल्ली लावू लागले, पण तुकडा अडकलेला, कुलूप ढिम्म हलेना. "कोंडलंत मला? मी पोलिसांना फोन लावतोय! चोर! एक बाईसुद्धा आहे टोळीत!"

आईबाबा तुरुंगात, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला! "आई, ते मी..."

"गप्प! बॅटरी आण!" दोघं एका आवाजात म्हणाली.

तिनं धावत बॅटरी आणली. बाबांच्या खिशातला आकडा जाड पडत होता, सारखा निसटत होता. आतून "हॅलो, पोलीस?" ऐकू आलं. आई वर पळाली आणि तेलाची बाटली अन् कवळीचं मेण कोरायची बारीक आकडी घेऊन आली.

"करंगळी दारावर टेकवा आधी. हाताला आधार लागतो. हं, आता हळू."

"तू धर. तुझा हात पक्का आहे. मी तेल सोडतो, खाच सरळ करतो. दात्यात अडकव आणि ओढ... ओढ... सावकाश..."

तुकडा सुळकन बाहेर आला. दार उघडलं. मास्तर एका हातात फोन, दुसऱ्या हातात लाटणं घेऊन उभे!

"तुम्ही?"

"मास्तर, चोर नाही. आम्ही नवराबायको," बाबा म्हणाले.

"शक्यच नाही!" मास्तर गरजले. "मी सगळं ऐकत होतो. इतकी वर्षं लग्न झालेली माणसं अशी कुजबुजत हसतात होय? म्हणून तर चोर वाटले!"

मग फोनवरच्या पोलिसांनाही त्यांनी सांगितलं, चोर नाहीत, वरच्या मजल्यावरचे नवराबायकोच आहेत.

घरी आल्यावर आईनं पाण्याचा पेला बाबांपुढे ठेवला आणि शुक्रवारी विचारायला हवा होता तो प्रश्न आज विचारला. "त्या कारखान्यात आहे तरी काय?"

बाबांनी पाण्याचा घोट घेतला. "एक नवं कुलूप निघालंय. त्यात खिळ्याच नाहीत म्हणे. आतून कसं असेल, एवढंच डोक्यात घोळतंय. इथे रोज तीच किल्ली, तेच दाते. वाटलं, आपण संपलो की काय."

"मलाही वाटतं," आई हळूच म्हणाली. "मी 'जा' म्हटलं, कारण 'मलाही वेगळं काहीतरी बघायचंय' म्हणायला लाज वाटली. मग तुम्ही कशाला जाताय? कुलूपच मागवा ना एक. दोघं मिळून उघडून बघू."

बाबांनी फोन केला आणि कारखान्याला सांगितलं, माणूस येत नाही, कुलूप पाठवा!

भिंगरी पुढे आली. "आता खरं सांगते. ती किल्ली मी..."

"तू केलीस," बाबा म्हणाले. "कानस तिरकी धरतेस. भिंग लावलं तेव्हाच कळलं."

"तुझ्या केसांत पितळेचा कीस होता," आई म्हणाली, आणि मग दोघं एकमेकांकडे वळली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तुला पण? मग तू पुढे का शोधत होतीस?"

"तुम्हाला मजा येत होती म्हणून!"

"मला वाटलं, तुला!"

पुढच्या रविवारी कुलूप आलं. संसार दुरुस्त करणारी थोर वक्त्री आता मेजापाशी बॅटरी धरून उभी आहे. आईबाबांची डोकी एकमेकांना टेकलीयेत, जेवणाची वेळ टळून गेलीये, आणि "भूक लागलीये" हे वाक्य तिनं सगळ्या आरोह-अवरोहांसह म्हणून पाहिलंय.

"भिंगरे," बाबा मान वर न करता म्हणाले, "बोलू नकोस. बॅटरी हलते!"